सगळं येतं असं लिहिलंत, म्हणून कुणी विचारत नाही

"मुलगी बी.कॉम. आहे. दोन वर्षं सीएच्या ऑफिसात होती, आता घरून अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या साइटवर काम शोधते. तीन महिन्यांत एकही काम नाही. प्रोफाइल मीच लिहून दिलं, अनुभव दहा वर्षं टाकला. रोज रात्री तिच्या लॉगिनवरून मी प्रपोजलही पाठवतो. तिच्या मामांचा चादरी-टॉवेलचा धंदा आहे, त्यांचे ॲमेझॉनचे हिशेब ती बघते आणि म्हणते तेवढंच काम लिहू. मी म्हणतो, एकच काम लिहिलं तर बाकीची हातची जातील. हेडिंग कसं असावं? की सरळ बँकेच्या परीक्षेला बसवू?"
– एक पालक, सोलापूर

नमस्कार.

तीन महिने काम नाही याची मला तितकी काळजी वाटली नाही. नव्या खात्याला वेळ लागतोच. काळजी वाटली ती तुमच्या रात्रीच्या लॉगिनची. अपवर्कचं खातं ज्याच्या नावावर आहे त्यानेच वापरायचं असतं, दुसऱ्याने वापरणं नियमात बसत नाही आणि त्यावरून खातं बंद होऊ शकतं. त्यात दहा वर्षांचा अनुभव! तिचं पदवीचं साल त्याच पानावर दिसत असेल, तर वाचणारा दोन आकडे शेजारी ठेवून पान बंद करतो. दोन वर्षांचा खरा अनुभव सांगण्यासारखा होता, तो तुम्ही झाकून टाकलात. आणि उद्या एखाद्या क्लायंटने व्हिडिओ कॉलवर बोलावलं, तर तुम्ही रात्री काय कबूल केलंय हे तिला माहीत नसेल. तिची मेहनत तुम्हाला दिसत नाही म्हणून तुम्ही हे करताय असं मला वाटत नाही. घाई झाली आहे, एवढंच. पण ती घाई तिच्या नावावर जमा होते आहे. आजपासून ते लॉगिन तिच्याकडेच राहू द्या. दहा वर्षं काढून दोन करा, तेही आजच.

बँकेचं म्हणाल, तर आयबीपीएस क्लर्कसाठी वय 20 ते 28 लागतं. तिला स्वतःला इच्छा असेल तर ती फॉर्म भरेल. "बसवू" हा शब्द तेवढा सोडा.

आता "बाकीची हातची जातील" याबद्दल. हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक पालकाच्या पत्रात असतो. हेडिंगमध्ये जे लिहिलं नाही, त्या कामासाठी अर्ज करायला तिथे कुणी अडवत नाही. ती डेटा एन्ट्रीच्या कामालाही प्रपोजल पाठवू शकते. हेडिंगचं काम निराळं आहे. क्लायंट शोधतो तेव्हा त्याच्यासमोर एकाखाली एक नावं येतात: फोटो, दर, हेडिंग आणि सारांशाच्या पहिल्या काही ओळी. त्याच्या डोक्यात त्या क्षणी एकच अडचण असते. "एक्सेल, टॅली, टायपिंग, कॅनव्हा, मेहनती" अशा यादीत त्याची अडचण नाही. नुसतं टायपिंग येणारे तिथे असंख्य आहेत, आणि त्या रांगेत शेवटी फक्त दर कमी करूनच नंबर लागतो. म्हणजे तुम्ही ज्याला हातची कामं म्हणताय, ती मुळात हातात आलेलीच नव्हती.

तुमच्या मुलीला मात्र एक नेमकी अडचण आतून माहीत आहे, आणि ती तिने स्वतः ओळखली. मामांचंच उदाहरण घेऊ, आकडे समजुतीपुरते. एका सेटलमेंटमध्ये, म्हणजे ॲमेझॉन हिशेब करून एका वेळी पैसे पाठवतं त्यात, विक्री 1,00,000 रुपये. ॲमेझॉनने फी कापली 18,000, परत आलेल्या मालाचे 8,000, जाहिरातीचे 4,000. टीसीएस-टीडीएस बाजूला ठेवू. बँकेत आले 70,000. बहुतेक छोटे विक्रेते हेच 70,000 "विक्री" म्हणून लिहून मोकळे होतात. मग विक्री 30,000 ने कमी दिसते, खर्च दिसतच नाही, फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट सुटतं आणि जीएसटी रिटर्नमधली विक्री वह्यांशी जुळत नाही. अमेरिकेतला विक्रेता याच खड्ड्यात पडतो. तिथे सेल्स टॅक्स बहुतेक ठिकाणी ॲमेझॉनच गोळा करून भरतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये तो येतो आणि जातो, आणि गोंधळ आणखी वाढतो.

पुढचं थेट मुलीसाठी.

बाई गं, हेडिंग असं लिही:

```
Bookkeeper for Amazon sellers whose payouts don't match their books
```

अपवर्क हेडिंगला 70 अक्षरं देतं, ही 67 आहेत. क्लायंट शोधताना टाईप करतो ते शब्द, म्हणजे बुककीपर आणि ॲमेझॉन, सुरुवातीलाच आले. उरलेल्या जागेत त्याची तक्रार आली. तुझी स्तुती कुठेच नाही.

सारांशाला 5,000 अक्षरांपर्यंत जागा आहे, पण ती भरायची गरज नाही. पूर्ण पान न उघडता दिसतात त्या पहिल्या ओळीच. तिथे नाव, पदवी, "मी प्रामाणिक आहे" यात जागा घालवू नकोस:

```
Your Amazon payout hits the bank, you book it as sales,
and the fees and refunds disappear. I split every settlement
into sales, fees, refunds and ads, so your books agree
with both Amazon and your bank.
```

याच्याखाली पुरावा: घरच्या चादरींच्या दुकानाचं ॲमेझॉन इंडियाचं काम टॅलीत करते, हे जसंच्या तसं सांग. मामा आहेत म्हणून ते काम खोटं ठरत नाही. मग तू काय हातात देतेस ते लिही: प्रत्येक सेटलमेंटची जर्नल एन्ट्री, बँकेशी जुळवणी आणि न जुळलेल्या रकमांची यादी. काय करत नाहीस तेही लिही; अमेरिकेतलं टॅक्स रिटर्न तू भरत नाहीस. हे वाचून नको तो क्लायंट आपणहून निघून जातो. शेवटी एक प्रश्न विचार: शेवटची सेटलमेंट बँकेशी कधी जुळवली होती? याचं उत्तर देणारा माणूस बोलायला लागतो. फोन नंबर किंवा ईमेल मात्र तिथे टाकू नकोस, नियमात बसत नाही.

एक उणीव भरून काढ. परदेशी विक्रेते सहसा टॅली वापरत नाहीत. झिरो किंवा क्विकबुक्स ही हिशेबाची सॉफ्टवेअर वापरतात. झिरोची डेमो कंपनी फुकट मिळते. तिच्यात मामांची एक सेटलमेंट, त्यांना विचारून आणि नावं-आकडे बदलून, पूर्ण टाक. आधीचा आणि नंतरचा हिशेब एका पानावर मांडून पोर्टफोलिओत लाव. तोवर "झिरो येतं" असं लिहू नकोस.

आणि हे सगळं लिहिण्याआधी अशा कामांच्या वीसेक जाहिराती वाच. कनेक्ट्स म्हणजे प्रपोजलसाठी खर्चावी लागणारी टोकनं; वाचायला ती जात नाहीत, पाठवायला जातात. क्लायंट "रिकन्सिलिएशन" क्वचितच म्हणतो; तो म्हणतो माझे आकडे जुळत नाहीत, माझी वही मागे पडली आहे. तेच शब्द तुझ्या सारांशात आण.

महिन्याभराने तुझ्या प्रपोजलची आकडेवारी बघ. प्रपोजल उघडलीच जात नसतील, तर त्यांची पहिली ओळ बदल किंवा तू चुकीच्या जाहिरातींना पाठवते आहेस. उघडली जाऊनही निरोप येत नसेल, तर पुरावा कमी पडतोय, पोर्टफोलिओत दुसरा नमुना लाव. दोन्ही एकदम बदलू नकोस, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.