दुकान बंद केल्यावर रिझ्युमेत अनुभव म्हणून काय लिहायचं?

प्रश्न: ९-१० वर्षं स्वतःचं दुकान चालवलं, आता बंद केलंय आणि नोकरी शोधतोय. सगळे म्हणतात तुम्हाला कामाचा अनुभव नाही. रिझ्युमेत हे मॅनेजमेंट म्हणून कसं दाखवायचं?

मी स्टेशनरीचं दुकान ११ वर्षं चालवलं, हाताखाली ३ माणसं होती, नंतर बंद केलं आणि आता एका मोठ्या रिटेल स्टोअरमध्ये स्टॉक आणि खरेदी बघतो. मधले ७ महिने मलाही हेच ऐकायला लागलं, त्यामुळे तुम्हाला किती लागतंय ते कळतंय मला.

माझ्या पहिल्या रिझ्युमेत एकच ओळ होती, 'स्वतःचं दुकान, खरेदी-विक्री आणि ग्राहकसेवेची संपूर्ण जबाबदारी'. एका इंटरव्ह्यूत समोरच्या बाईंनी ती वाचली आणि सरळ विचारलं, म्हणजे तुम्ही काउंटरवर बसायचात का? राग आला मला, पण घरी येऊन ती ओळ परत वाचली तेव्हा पटलं की त्यातून दुसरं काही कळतच नव्हतं. 'संपूर्ण जबाबदारी' असं कुणीही लिहू शकतो. काय हातात घेतलं, ते कुठून कुठे नेलं आणि कशामुळे, हे जोवर दिसत नाही तोवर त्यांच्या लेखी आपण फक्त गल्ल्यावर बसलेलो असतो.

मग मी जुनी खरेदीची बिलं आणि वर्षाअखेरच्या स्टॉकच्या वह्या काढून बसलो. दुकानदाराकडे सगळ्यात भक्कम पुरावा असतो तो मालाचा, कारण पैसा तिथेच अडकलेला असतो आणि रिटेलमधल्या कुठल्याही मॅनेजरला ती भाषा लगेच कळते. हिशोब अगदी साधा आहे. वर्षाच्या सुरुवातीचा स्टॉक अधिक वर्षभराची खरेदी वजा शेवटी उरलेला स्टॉक, सगळं खरेदीच्या भावाने धरायचं, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत निघते. तिला दुकानात सरासरी जेवढ्याचा माल पडून असतो त्याने भागायचं, की माल वर्षातून किती वेळा फिरला ते कळतं.

माझं असं निघालं: विकलेला माल १०० धरला तर दुकानात सरासरी ३३ चा माल पडून असायचा. म्हणजे वर्षात ३ फेऱ्या, एक फेरी साधारण १२२ दिवसांची. ४ वर्षांनंतरच्या वह्यांत तोच आकडा १०० ला २० होता, म्हणजे ५ फेऱ्या, ७३ दिवस. हे मी केलं होतं आणि मलाच माहीत नव्हतं!

कसं झालं ते आठवत बसलो तेव्हा खरी गोष्ट सापडली. आधी सेल्समन स्कीम घेऊन यायचा, १० खोक्यांवर १ फुकट, आणि मी घ्यायचो, आणि ती पेनं दोन-दोन वर्षं वरच्या फळीवर पडून शाई वाळेपर्यंत राहायची. मग एक नियम केला, माल आला की खोक्यावर जाड मार्करने तारीख टाकायची, आणि ९० दिवस उलटले तरी न हललेलं खोकं मागच्या रॅकवरून उचलून दारालगतच्या टेबलावर. तिथे आलं की दोनच वाटा, सप्लायरला परत किंवा भाव उतरवून काढून टाकायचं, आणि त्या वस्तूची पुढची ऑर्डर निम्मी. कामाला असलेल्या मुलालाही मी हे शिकवलं, शेवटची ३ वर्षं रोजच्या ऑर्डरी तोच काढायचा आणि मी फक्त तपासायचो. मॅनेजमेंट म्हणतात ते हेच, आपण त्याला तसं म्हणत नव्हतो एवढंच.

नवीन ओळ अशी झाली: 'साधारण २,२०० प्रकारच्या मालाची खरेदी आणि साठा, ९० दिवसांच्या नियमाने स्टॉकची फेरी ४ वर्षांत १२२ वरून ७३ दिवसांवर, ३ जणांची टीम, त्यातल्या एकाला ऑर्डरिंगसाठी तयार केलं'. दुकानाच्या उलाढालीची रक्कम मी टाकली नाही. मोठ्या कंपनीसमोर ती छोटीच दिसते, पण दिवस आणि फेऱ्या छोट्या दुकानाच्या काय नि मोठ्याच्या काय, एकाच मापाने मोजतात.

इथे एक खबरदारी घ्या, मी यात अडकलो होतो. सरासरी स्टॉक काढताना फक्त वर्षाची सुरुवात आणि शेवट धरला आणि तुमचं वर्ष सीझन संपल्यावर बंद होत असेल, तर तेव्हा माल कमी असतो आणि आकडा उगाच चांगला दिसतो. माझा आधी ५८ दिवस आला होता. दर महिन्याचा स्टॉक घेऊन केला तेव्हा ७३ आला, आणि मी ७३ च लिहिला. इंटरव्ह्यूत पुढे एकाने नेमकं विचारलं की सरासरी कशी काढली, आणि मला अडखळावं लागलं नाही. महिन्याचा स्टॉक लिहिलेला नसेल तर 'अंदाजे' असा शब्द घाला, त्याने काही बिघडत नाही.

हुद्द्याचं सांगतो. काही जणांनी मला सल्ला दिला की 'स्टोअर मॅनेजर' लिहून टाक, कोण बघतंय. लिहू नका. आधीची नोकरी पडताळताना कंपनीचं पत्र मागतात, ते तुमच्याकडे नसणार आणि मग खरं असलेलंही खोटं वाटायला लागतं. 'मालक-व्यवस्थापक, स्वतःचा व्यवसाय' असं लिहा, सोबत व्यवसायाची नोंदणी आणि टॅक्स रिटर्न तयार ठेवा. रेफरन्स म्हणून मी दोन जण दिले, ८ वर्षं माल देणारा सप्लायर आणि दुकानाचे हिशोब बघणारे अकाउंटंट. नातेवाईक अजिबात नको. आणि त्यांना आधी फोन करून सांगा की अमुक ठिकाणाहून विचारणा येईल.

एक प्रश्न तुम्हाला नक्की येणार, इतकी वर्षं तुमच्यावर कुणी नव्हतं, आता बॉसचं ऐकणं जमेल का? 'हो जमेल' एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. मी एक प्रसंग सांगितला: सप्लायरने उधारीची मुदत ४५ दिवसांवरून ३० वर आणली, माझी अजिबात इच्छा नव्हती, पण एका महिन्यात ऑर्डरी लहान आणि जास्त वेळा करून मी त्यात बसलो, एकही पेमेंट चुकवलं नाही. दुसऱ्याने घातलेल्या नियमात काम केल्याचा तो पुरावा होता. दुकान का बंद केलं याचं उत्तर मात्र दोन वाक्यांत संपवा, भाड्याचा करार संपला आणि नव्या भाड्यात गणित बसत नव्हतं, बस. मी सुरुवातीला १० मिनिटं सांगत बसायचो आणि मुलाखत तिथेच संपायची.

आणि अर्ज कुठे करताय तेही बघा. ३ माणसं सांभाळलेल्याला ६० माणसांच्या स्टोअरची मॅनेजरकी थेट मिळत नाही, बजेट मंजूर करून घेणं, वेगवेगळ्या खात्यांशी जुळवून घेणं हे आपण केलेलं नसतं आणि ते त्यांना दिसतं. असिस्टंट स्टोअर मॅनेजर, स्टॉक कंट्रोल, खरेदी विभाग, इथे आपला अनुभव चपखल बसतो. मला खरेदीत घेतलं तेव्हा त्यांनी सगळ्यात जास्त वेळ त्या मार्करच्या तारखेबद्दलच विचारलं होतं.