मॅडमना पाठवायचा मेल

प्रिय,

परिषदेसाठीच्या परिचयात भिवंडीच्या गोदामातल्या प्रकल्पाबद्दल तू जे लिहिलंयस, ते त्या प्रकल्पाच्या प्रमुख असलेल्या मॅडमकडून तपासून घ्यायचंय, त्या मेलचा तुझा मसुदा वाचला. भाषा नम्र आहे, पण मॅडमनी नक्की काय तपासायचं तेच त्यात सापडत नाही. ‘परिचय सोबत जोडलाय, एकदा नजर टाकाल का?’ असं विचारलंस तर ‘छान झालाय, शुभेच्छा!’ एवढंच उत्तर येईल. त्यांनी आकडा पाहिला की नुसताच तुझा फोटो, हे त्यावरून कळायचं नाही.

म्हणून परिचय जोडू नकोस. त्या प्रकल्पाचं एकच वाक्य, जसं छापायचंय तसं, मेलमध्येच लिही. तुझं सध्याचं वाक्य असं आहे: ‘भिवंडीच्या गोदामातून ऑर्डर बाहेर पडायला लागणारा वेळ 50 टक्क्यांनी कमी करणाऱ्या प्रकल्पाचं नेतृत्व केलं.’ तूच सांगितलंस की सहा तासांचे चार झाले. म्हणजे वेळ साधारण 33 टक्क्यांनी घटला. वेग दीडपट झाला, तुझे 50 टक्के तिथून आलेत. हा हिशेब त्यांच्यावर टाकू नकोस, आधी आपणच सुधारायचा. टक्के काढूनच टाक आणि तास लिही. तास वाचले की मॅडमना तेव्हाचे दिवस आठवतील, टक्क्यांनी काही आठवत नाही.

खरी पंचाईत ‘नेतृत्व’ या शब्दाची आहे. प्रकल्प मॅडमचा होता. माल कुठल्या रॅकवर ठेवायचा ती मांडणी तू बसवलीस. ज्यांनी नेतृत्व केलं त्यांनाच ‘मी नेतृत्व केलं, बरोबर ना?’ असं विचारायचं? त्या सज्जन आहेत, भिडेखातर हो म्हणतील, आणि ते जास्त वाईट.

मी असा लिहिला असता:

‘मॅडम, नमस्कार. एका परिषदेत बोलायला जातेय. परिचयात हे वाक्य द्यायचं आहे: “भिवंडीच्या गोदामातल्या प्रकल्पात मालाच्या रॅकची नवी मांडणी तयार केली; ऑर्डर बाहेर पडायचा वेळ सुमारे सहा तासांवरून चारवर आला.” दोन गोष्टी विचारायच्या होत्या. सहा आणि चार हे तास तुमच्या आठवणीशी जुळतात का? माझ्या कामाचं वर्णन योग्य आहे का, की कुणाचं श्रेय राहतंय? परिचय शुक्रवारी द्यायचा आहे. तोवर जमलं नाही तर मी तासांचा उल्लेख गाळेन.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. ‘उत्तर आलं नाही तर होकार समजेन’ असं बरेच जण लिहितात. मला तो उद्धटपणा वाटतो.

ग्राहक कंपनीचं नाव मात्र मॅडमना विचारू नकोस. त्यांनी ती नोकरी सोडली आहे, परवानगी देणं आता त्यांच्या हातात नाही. ती जुन्या कंपनीकडून लेखी मिळाली तरच नाव घाल, नाहीतर ‘एका किरकोळ विक्री कंपनीसाठी’ एवढं पुरे. आणि मेल त्यांच्या खासगी पत्त्यावर पाठव, ऑफिसचा जुना पत्ता आता बंद असणार.

तुझा,
काका