निरोपाचा मेल: दोन पानं नकोत, सूचनाही नको

ताई, चाकणला एका कारखान्यात डिस्पॅच विभाग सांभाळते. नऊ जणांची टीम, सहा वर्षं. येत्या शुक्रवारी माझा शेवटचा दिवस. निरोपाचा मेल चारदा लिहिला. एकदा दोन पानं झाली आणि मलाच रडू आलं, एकदा नोटीस बोर्डावरच्या सूचनेसारखा कोरडा झाला. टीमने गाडी भरताना ताळा करायची पद्धत स्वतः काढली, जुलैत पाण्यात गाड्या अडकल्या तेव्हा सगळे थांबले, हे लिहायचंय. तिघं फार जवळचे आहेत, त्यांची नावं घालू का?

नावं घालू नका. नऊपैकी तिघांची घातलीत, तर उरलेले सहा जण मेलमध्ये फक्त आपलंच नाव शोधतील. त्या तिघांना वेगळा निरोप पाठवा, दोन-दोन ओळींचा, आणि तिथे मोकळेपणाने लिहा. सगळ्यांच्या मेलमध्ये माणसांऐवजी सगळ्यांनी मिळून केलेलं काम येऊ द्या.

त्या दोन आठवणी पुरेशा आहेत, तिसरी शोधू नका. मात्र त्या तपशिलाने लिहा: आधी काय व्हायचं, मग काय बदललं, कोणामुळे. प्रत्येक वाक्य लिहून झालं की पाहा, हेच वाक्य शेजारच्या स्टोअर विभागाला पाठवलं तर चालेल का? चालत असेल तर खोडा. ‘तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं’ आणि ‘आपण एक कुटुंब आहोत’ ही वाक्यं इथेच गळतात. ‘कळत-नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी’ हेही गाळा. खरंच कोणाला बोलला असाल तर त्या माणसाला गुरुवारपर्यंत गाठून समोर बोला. नऊ जणांची एकत्र माफी मागितली की ती ज्याची मागायची होती त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

साधारण असं होईल. आकडे आणि वेळा तुमच्या नोंदींतून घाला:

विषय: शुक्रवार माझा शेवटचा दिवस

नमस्कार,

शुक्रवारी मी इथलं काम संपवते आहे.

मी आले तेव्हा चुकीच्या मालामुळे आठवड्याला एखादी तरी गाडी परत यायची. एकाने यादी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने खोक्यावरचं लेबल बघून ‘आहे’ म्हणायचं, ही पद्धत तुम्ही काढलीत. गेल्या वर्षभरात अशा दोनच गाड्या परत आल्या. जुलैत तीन गाड्या पाण्यात अडकल्या, त्या रात्री साडेबारापर्यंत कोणी घरी गेलं नाही. थांबा असं मी कोणाला म्हटलं नव्हतं.

तुमच्या मंजूर रजा आणि वर्षभराच्या कामाच्या माझ्या नोंदी मी प्लांट हेडना लेखी दिल्या आहेत. सोमवारपासून रजा त्यांच्याकडे मागा.

गुरुवारी चार वाजता कँटीनमध्ये चहाला भेटू.

एवढंच. फोनवर जेमतेम एका स्क्रीनभर. यातली रजांची ओळ कोरडी वाटेल, पण तीच काढू नका. मॅनेजर जाते म्हटल्यावर टीमला पहिली धाकधूक हीच असते: दिवाळीची रजा तोंडी कबूल झाली होती, ती आता राहील का? वर्षभर केलेलं अप्रेजलमध्ये कोण सांगेल? तुम्ही त्यांच्यासाठी काही करून ठेवलंय हे त्या ओळीतून कळतं, आणि मेलमधली ऊब खरी तिथेच आहे. मात्र नोंदी खरोखर दिल्यानंतरच ती ओळ लिहा.

नोकरी का सोडली, नवी कंपनी कशी आहे, हे या मेलमध्ये नको. तुमच्या जागी कोण येणार तेही कंपनीने जाहीर केलं नसेल तर लिहू नका. ‘काहीही अडलं तर कधीही फोन करा’ हे वाक्य प्रेमाने सुचतं, पण मग गाडी अडकली की मुलं नव्या माणसाला विचारण्याआधी तुम्हाला फोन लावतील आणि त्याला तिथे उभं राहणं अवघड होईल. तुमचा नंबर त्यांच्याकडे आहेच.

जाताय ही बातमी मेलमधून कळू देऊ नका. टीमला ती आधी तोंडी सांगा. मेल गुरुवारी सकाळी पाठवा. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलात तर बऱ्याच कंपन्यांत त्याच दिवशी मेल आयडी बंद होतो आणि सोमवारी कोणी दिलेलं उत्तर तुमच्यापर्यंत पोचत नाही. खरेदी, अकाउंट्स, ट्रान्सपोर्टवाले यांना हाच मेल फॉरवर्ड करू नका, त्यांना तीन ओळींचा वेगळा लिहा.

आणि लोडिंगवरच्या ज्यांना कंपनीचा मेल आयडी नाही, त्यांना तोच मजकूर गुरुवारी सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. दुसऱ्या पाळीवाल्यांना तो ऑफिसातल्या कोणाकडून ऐकायला लागू नये.