व्हॅल्यू ॲट रिस्क म्हणजे 'जास्तीत जास्त तोटा' का?

प्रश्न: एका फंडाच्या माहितीपत्रकात 'एक दिवसाचा व्हॅल्यू ॲट रिस्क, ९७.५ टक्के' असं होतं. मराठीत आणताना मी 'एका दिवसातला जास्तीत जास्त संभाव्य तोटा' असं लिहिलं. चालेल का? आणि शेजारच्या 'एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल'ला 'अपेक्षित तूट' म्हणावं का?

'जास्तीत जास्त' चालणार नाही. अर्थ जवळजवळ उलटा होतो. हा आकडा सर्वांत वाईट दिवसांच्या अगदी कडेवरचा असतो, म्हणजे त्या दिवसांत तोटा निदान एवढा तरी होतो असं तो सांगतो. वरची मर्यादा तो सांगतच नाही. हे पटायला आकडा कसा निघतो ते एकदा हाताने काढून पाहावं. हिस्टॉरिकल सिम्युलेशन ही त्यातली सर्वांत सरळ रीत आहे, कारण तिच्यात कुठलंही वितरण गृहीत धरावं लागत नाही. मागचे दिवस जसे होते तसेच घ्यायचे.

निफ्टी ५० चं २०२० हे वर्ष घेऊ. वर्षात बाजाराचे दिवस साधारण अडीचशे. प्रत्येक दिवसाचा बंद भाव आदल्या बंद भावाशी ताडून टक्केवारीतला परतावा काढायचा आणि सगळे परतावे सर्वांत वाईटापासून ओळीने लावायचे. त्या वर्षीची ओळ अशी सुरू होते: २३ मार्चला १२.९८ टक्के घसरण, १२ मार्चला ८.३०, १६ मार्चला ७.६१, ४ मेला ५.७४, १८ मार्चला ५.५६, ९ मार्चला ४.९० आणि ३० मार्चला ४.३८. (४ मेचा परतावा नावाला एका दिवसाचा आहे. महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीमुळे आधीचा बंद भाव गुरुवार ३० एप्रिलचा होता, त्यामुळे चार दिवसांच्या बातम्या त्या एका आकड्यात आल्या.)

आता ९७.५ टक्के म्हणजे वाईट बाजूचे २.५ टक्के दिवस वेगळे काढायचे. अडीचशेचे २.५ टक्के सव्वासहा होतात, ते सहा धरू. पहिले सहा दिवस रेषेच्या पलीकडे गेले आणि सातवा रेषेवर आला. म्हणून व्हॅल्यू ॲट रिस्क ४.३८ टक्के. आज १० लाख रुपये निफ्टीच्या इंडेक्स फंडात असतील तर तो ४३,८०० रुपये. काही जण सहावा दिवसच रेषा मानतात, मग ४.९० टक्के आणि ४९,००० रुपये येतात. काही सॉफ्टवेअर दोघांच्या मधला आकडा काढतात. तिन्ही पद्धती वापरात आहेत, आणि एवढ्या थोड्या दिवसांत त्यांच्या उत्तरांत पाच हजारांचा फरक पडू शकतो हे ध्यानात ठेवायला हवं.

आता तुमचं वाक्य या ओळीशेजारी ठेवून पाहा. 'जास्तीत जास्त तोटा ४.३८ टक्के' असं म्हटलं तर २३ मार्चची १२.९८ टक्क्यांची घसरण कुठे बसवायची? ती ओळीत आहे, मोजली गेली आहे, पण रेषेच्या पलीकडे असल्याने आकड्यात तिचा आकार उतरलेला नाही. तो दिवस पलीकडच्या सहांपैकी एक आहे, एवढीच त्याची नोंद झाली. समजा त्या दिवशी निफ्टी २५ टक्के पडला असता. व्हॅल्यू ॲट रिस्क तरीही ४.३८ च राहिला असता, दशांशसुद्धा हलला नसता. म्हणून मी त्याला 'तोट्याचा उंबरठा' म्हणतो, आणि वाक्य लिहायचं तर 'चाळीसपैकी साधारण एका दिवशी तोटा याहून अधिक होऊ शकतो' असं लिहितो. 'अधिक' हा शब्द त्यात असलाच पाहिजे.

उंबरठ्यापलीकडे काय आहे हे सांगण्याचं काम एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल करतो. त्याचा हिशोब आणखी सोपा आहे: पलीकडच्या सहा दिवसांची सरासरी. १२.९८, ८.३०, ७.६१, ५.७४, ५.५६ आणि ४.९० यांची बेरीज ४५.०९, भागिले सहा म्हणजे ७.५ टक्के. १० लाखांवर साधारण ७५,००० रुपये. पैसे तेच, दिवस तेच, पातळीही तीच, पण पहिला आकडा ४३,८०० सांगतो आणि दुसरा ७५,०००. वरचा २५ टक्क्यांचा कल्पित दिवस इथे घातला तर सरासरी ९.५ टक्क्यांवर जाते. म्हणजे हा आकडा शेपटाच्या, म्हणजे ओळीतल्या सर्वांत वाईट दिवसांच्या, टोकाला काय घडलं ते ऐकतो.

'अपेक्षित तूट' मला यासाठीच खटकतं. 'अपेक्षित' हा इथे संभाव्यताशास्त्रातला शब्द आहे, त्याचा अर्थ सरासरी. मराठी वाचक मात्र तो 'होणार असं धरून चाललो आहोत' असा वाचणार, आणि माहितीपत्रकात त्याचा अर्थ फंडाला इतका तोटा होईल असं कंपनीच सांगते आहे, असा होईल. 'तूट' म्हटलं की अर्थसंकल्पातली तूट आठवते, जमा-खर्चातला फरक. 'उंबरठ्यापलीकडचा सरासरी तोटा' हे लांब आहे, पण बरोबर आहे. पहिल्यांदा असं लिहून पुढे 'पलीकडची सरासरी' म्हटलं तरी कळतं.

घरी तपासायचं असेल तर स्प्रेडशीटमध्ये दोन ओळी पुरतात. अडीचशे दिवसांचे परतावे `B2` ते `B251` मध्ये आहेत असं धरून:

```
=SMALL(B2:B251,7)
=AVERAGEIF(B2:B251,"<"&SMALL(B2:B251,7))
```

पहिली ओळ उंबरठा देते, दुसरी पलीकडची सरासरी. दोन्ही उणे चिन्हासह येतात.

इथे एक चूक फार सहज होते. परतावे टक्केवारीत न घेता निर्देशांकाच्या अंकांत घेतले जातात. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, निफ्टी १,३७९ अंकांनी पडला. २३ मार्च २०२० ला तो १,१३५ अंकांनी पडला होता. अंकांनी ओळ लावली तर जूनचा दिवस अधिक वाईट ठरतो. पण जूनची घसरण ५.९३ टक्के होती, मार्चच्या निम्मीही नाही. जुन्या दिवसाची टक्केवारी उचलून आजच्या रकमेला लावायची, हेच या रीतीतलं 'सिम्युलेशन'. फंडात अनेक शेअर असतील तर एका तारखेचे सगळ्यांचे परतावे एकत्र उचलायचे आणि आज ज्या प्रमाणात शेअर आहेत त्या प्रमाणाने जोडायचे. तारखा वेगळ्या केल्या की सगळे शेअर एकदम पडण्याचा दिवस हिशोबातून निसटतो, आणि मोठा तोटा होतो तो नेमका तसल्याच दिवशी.

दोन आकड्यांचं गुणोत्तरही पाहण्यासारखं असतं. परतावे घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणाने वागत असते तर ९७.५ टक्क्यांवर पलीकडची सरासरी उंबरठ्याच्या सुमारे १.१९ पट आली असती. २०२० च्या निफ्टीत ती १.७ पट आहे. शेपूट किती जाड आहे ते या एका भागाकारात दिसतं. बँकांच्या भांडवलासाठीच्या बाझल नियमांनी बाजारजोखमीसाठी पूर्वीचा ९९ टक्क्यांचा व्हॅल्यू ॲट रिस्क सोडून ९७.५ टक्क्यांचा एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल घेतला, त्या पातळीच्या निवडीमागेही नॉर्मल वितरणच आहे. नॉर्मल वितरणात हे दोन आकडे जवळजवळ सारखे येतात. शेपूट जाड झालं की मात्र नवा आकडा जुन्याच्या वर जातो.

असं असलं तरी पलीकडची सरासरी घेतली की काळजी मिटली असं नाही. दोन्ही आकडे त्याच खिडकीतून, म्हणजे हिशोबात घेतलेल्या त्याच दिवसांतून, पाहतात. २०१९ च्या संपूर्ण वर्षात निफ्टी एकाही दिवशी ३ टक्के पडला नाही. त्या वर्षाच्या परताव्यांवर काढलेला उंबरठा ३ टक्क्यांच्या आत, आणि सरासरीही ३ टक्क्यांच्या आतच येणार, कारण खिडकीत नसलेला दिवस सरासरीत कुठून येईल? मार्च २०२० उजाडला तेव्हा दोन्ही आकडे सारखेच आंधळे होते. वर्षभराने उलटं घडतं. २३ मार्चचा दिवस अडीचशेच्या खिडकीतून बाहेर पडतो आणि बाजारात काहीही घडलेलं नसताना पलीकडची सरासरी एका रात्रीत खाली येते. आकडा अचानक सुधारलेला दिसला तर आज खिडकीत कोणता दिवस आला याबरोबरच कोणता दिवस गेला तेही पाहावं. यावर उपाय म्हणून बाझलचे नवे नियम एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल तणावाच्या काळाशी जुळवून काढायला सांगतात.

सरासरीची दुसरी अडचण थोड्या दिवसांची आहे. वरच्या सहांतून एकटा २३ मार्च काढला तर उरलेल्या पाचांची सरासरी ६.४ टक्के होते. एका दिवसाने टक्क्याहून अधिक फरक. शेपटाचं ऐकणारा आकडा शेपटातल्या एकेका दिवसाच्या हातात असतो, त्यामुळे अडीचशे दिवसांवरची सरासरी दोन दशांशांपर्यंत छापलेली दिसली की मला ती फार नेमकी वाटत नाही.

पडताळणीत मात्र उंबरठाच सोपा पडतो. रोज पाहायचं, तोटा रेषेपलीकडे गेला की नाही, आणि असे दिवस मोजायचे. बाझलच्या पद्धतीत ९९ टक्क्यांच्या पातळीवर अडीचशे दिवसांत अडीचच्या आसपास दिवस अपेक्षित असतात. चारपर्यंत हिरवा पट्टा, पाच ते नऊ पिवळा, दहापासून लाल. सरासरीची अशी हो-नाहीची मोजणी करता येत नाही, पलीकडे गेलेल्या मोजक्या दिवसांचे आकार ताडून पाहावे लागतात. म्हणूनच भांडवल सरासरीवर ठरू लागलं तरी नियमांतली रोजची मोजणी अजून व्हॅल्यू ॲट रिस्कवरच चालते.

तुमच्या माहितीपत्रकासाठी मी असं लिहीन: 'मागील अमुक दिवसांच्या परताव्यांवरून, एका दिवसाच्या तोट्याचा उंबरठा (९७.५ टक्के) इतका. तोटा उंबरठ्यापलीकडे गेल्यास त्याची सरासरी इतकी.' 'अमुक'च्या जागी दिवसांची संख्या आणि पहिल्या-शेवटच्या दिवसाची तारीख घाला. मूळ पत्रकात ती नसेल तर कंपनीकडून मागून घ्या, कारण त्या खिडकीत मार्च २०२० आहे की नाही यावर दोन्ही आकडे किती बदलतात ते वर दिसलंच आहे.