न अडवता इंग्रजीतल्या चुका दुरुस्त कशा करायच्या?

प्रश्न: सोलापुरात राहते. मैत्रिणीसोबत रोज अर्धा तास इंग्रजीत बोलते. तिचं इंग्रजी चांगलं आहे, पण ती दर वाक्याला अडवते आणि मग मला पुढचं काही सुचतच नाही. दुसरी काही पद्धत आहे का?

उत्तर:

आहे, पण ती तुमच्यापेक्षा तुमच्या मैत्रिणीला शिकावी लागेल. हे उत्तर तिलाच वाचायला द्या.

आधी दोघींनी मिळून आठवड्यासाठी एकच चूक ठरवा. मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्रास सापडणारी म्हणजे ‘हॅड गॉन’. आपण ‘काल गड्ड्याच्या जत्रेला गेले होते’ असं म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू गड्डा’ येतं. इंग्रजीत नुसत्या कालच्या गोष्टीला ‘वेन्ट’ पुरतं. ‘हॅड’ लागतं ते भूतकाळातल्या एका गोष्टीच्या आधी दुसरी होऊन गेली असेल तेव्हा.

आता तुम्ही हे वाक्य बोललात की मैत्रिणीने ‘चूक’ म्हणायचं नाही, नियमही सांगायचा नाही. तिने गप्पांतलंच उत्तर द्यायचं: ‘यू वेन्ट येस्टरडे? व्हॉट डिड यू ईट?’ यात तीन गोष्टी सांभाळायच्या. वाक्य छोटं हवं, त्यात बदल एकच हवा आणि ‘वेन्ट’वर किंचित जोर हवा. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर देताना तुम्हाला तसंच क्रियापद स्वतः वापरावं लागतं. तुम्ही ‘आय हॅड ईटन भजी’ म्हणालात तर ती म्हणेल, ‘यू एट भजी. अँड देन?’ पुढचं वाक्य ‘देन वी सॅट इन द जायंट व्हील’ असं आलं, तर दुरुस्ती पोचली. ‘इन’ की ‘ऑन’, ते या आठवड्यात सोडून द्यायचं.

इथे एक घोटाळा हमखास होतो. मैत्रीण ‘येस, येस, यू वेन्ट’ असं म्हणते आणि बोलणाऱ्याला वाटतं की आपलं बरोबरच होतं. लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास मांडला, त्यातही असंच काहीसं दिसलं. शिक्षक सर्वात जास्त वापरत होते ती ही वाक्य सुधारून परत म्हणण्याची पद्धत, आणि मुलांकडून सर्वात कमी प्रतिसाद तिलाच मिळत होता. म्हणून सुधारलेल्या वाक्याआधी ‘येस’, ‘राइट’, ‘ओके’ काहीही नको. दोनदा सांगूनही तुमच्या तोंडी ‘हॅड’च आलं तर तिसऱ्यांदा सांगू नये, कागदावर टिपून ठेवावं.

टिपताना तुम्ही बोललेले दोन-तीन शब्द जसेच्या तसे लिहायचे, ‘टेन्स चुकला’ असं नाही. नंतर तसल्या शेऱ्यावरून काहीच आठवत नाही. आणि वाक्य संपल्याबरोबर पेन उचललं की समोरची बिचकते, तेव्हा पुढचं वाक्य सुरू झाल्यावर हळूच लिहायचं.

अर्ध्या तासाची वाटणी मी अशी करेन: वीस मिनिटं गप्पा, पाच मिनिटं कागद, पाच मिनिटं तीच गोष्ट पुन्हा. कागदावरची फक्त तीन वाक्यं घ्यायची. मैत्रिणीने ती समोर ठेवून थांबायचं आणि आधी तुम्ही दुरुस्त करायची. स्वतःला सापडलं तर ती घाईतली चूक, नाही सापडलं तर तो नियमच माहीत नाही आणि तेव्हाच मराठीत समजावून सांगायचं. मग गड्ड्याची गोष्ट पुन्हा सांगा. दुसऱ्या खेपेला ‘वेन्ट’, ‘एट’, ‘सॅट’ आपोआप आले का, हीच परीक्षा. मोबाइलवर दोन्ही खेपा रेकॉर्ड केल्या तर वादाला जागा उरत नाही.

मधेच थांबवायला हरकत नाही अशी एकच वेळ: अर्थच कळला नाही तेव्हा. ‘आय बॉरोड हिम फाइव्ह हंड्रेड’ म्हटल्यावर पैसे कोणी कोणाला उसने दिले? तिथे ‘वेट, हू गेव्ह द मनी?’ असं विचारणं ही साधी गप्पांतली शंका आहे, त्याने कोणी बिचकत नाही.

आणि मैत्रिणीसाठी एक सूचना. आठवडाभर ‘हॅड’च्या मागे लागलं की बरोबर ठिकाणचं ‘हॅड’सुद्धा खटकायला लागतं. ‘बाय द टाइम वी रीच्ड होम मैदान, द फायरवर्क्स हॅड फिनिश्ड’ हे वाक्य बिनचूक आहे: होम मैदानावरचं दारूकाम आधी संपलं, तुम्ही तिथे नंतर पोचलात. इथे हात लावायचा नाही.