वरमाईची साडी: काठ किती, पदर कसा

सुनेचा शालू डाळिंबी आहे. मला माझी राणी रंगाची पैठणीच अक्षतेला नेसायची हौस आहे. शोभेल का? (कराड)

हौस जरूर पुरी करा, पण दोन्ही साड्या आधी शेजारी शेजारी मांडून बघा. आपण रंगावरच अडून बसतो. खरं तर नजर आधी जाते ती जरीकडे, म्हणजे काठाची रुंदी आणि उघडा सोडलेला पदर यांकडे.

गेल्या वैशाखात मिरजेच्या एक ताई हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. आम्ही त्यांची पैठणी आणि सुनेचा शालू दारातल्या उजेडात अंथरले, फोनवर फोटो काढला आणि त्यातला रंग काढून तो काळा-पांढरा केला. दोन्ही साड्या सारख्याच करड्या दिसल्या, आणि सासूबाईंचा काठ सुनेच्या काठापेक्षा दोन बोटं रुंद निघाला. स्टेजवर दोघी शेजारी उभ्या राहिल्या असत्या, तर पाहुण्यांची नजर आधी सासूबाईंवर गेली असती. मग ठरलं असं: पैठणी आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला, कारण तेव्हा शालू अंगावर नसतो. अक्षतेला मोरपंखी नारायणपेठ, काठ दोन बोटांचा. पैठणीची हौस फिटली आणि अक्षतेच्या फोटोत शालू उठून दिसला.

अक्षतेला पैठणीच नेसायची असेल, तर पदर उघडा सोडू नका. चार-पाच इंचांच्या चुण्या घालून तो खांद्यावर पिन करा. पदरावरचे मोर घडीत जातात आणि जरीचा एक अरुंद पट्टाच दिसतो. उघडा पदर सुनेसाठी राहू द्या. पैठणीचा पदर जड असतो, त्यामुळे पिन थेट रेशमात घातली की भोक पडतं आणि दिवसभराच्या ओढीने ते फाटत जातं. पिनेखाली कापडाचा छोटा तुकडा ठेवा.

विहीणबाईंनाही एक फोन करून त्यांचा रंग विचारून घ्या. दोघी आया एकाच रंगात आल्या, तर फोटोत वधूवरांच्या दोन्ही बाजूंना एकच पट्टा दिसतो.

मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. कन्यादानाला बसायचंय. हलकी आणि सुरेख दिसेल अशी कुठली साडी घेऊ? (तासगाव)

आधी कापड बघा, रंग नंतर. तुम्ही होमाजवळ बसणार आहात, आणि बाजारात 'सिल्क' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच साड्या पॉलिएस्टरच्या असतात. त्यात उकडतं, आणि ठिणगी पडली तर पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. पदराच्या गोंड्यातला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर ते रेशीम. टोकाला कडक मणी झाला तर ती साडी होमाजवळ नको.

आपल्या भागातल्या मे महिन्यात मी तरी इरकलच सुचवेन. अंग सुती, पदर तांबडा, आणि त्यावर देवळाच्या शिखरांसारखी पांढरी नक्षी. जरीचा भपका नसतो, तरी ती भारदस्त दिसते. कन्यादानाच्या वेळी मुलगी बहुधा पिवळ्या अष्टपुत्रीत असते, म्हणून तुम्ही पिवळा, हळदी, केशरी टाळा. वांगी किंवा चिंतामणी रंग पिवळ्याशेजारी छान दिसतो आणि तिचा पिवळा उजळवतो.

ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत ठेवा, पण मुंढा जरा सैल शिवून घ्या. ओंजळ पुढे धरून बराच वेळ बसावं लागतं आणि घट्ट मुंढा तिथेच उसवतो. पदर कमरेला खोचा. संकल्पाचं पाणी रेशमावर पडलं तर डाग राहतो.

गळ्यात किती घालावं? (सांगली)

मंगळसूत्र आणि आणखी एकच. नवरीने ठुशी किंवा वज्रटीक घातली असेल, तर तुम्ही लांब मोहनमाळ घाला. नवरीचा लक्ष्मीहार लांब असेल, तर तुम्ही गळ्यालगत ठुशी घाला. हातात पाटल्या पुरेत.

माझे पती दोन वर्षांपूर्वी गेले. मुलीच्या लग्नात फिकी साडीच नेसावी असं जाऊबाई म्हणतात. काय करू? (वाई)

फिकी नेसू नका. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 साली ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद केल्या. तुमच्यावरचं हे रंगाचं बंधन त्याच प्रथांतून आलेलं आहे. मुलीच्या लग्नात तुमची जागा पुढच्या रांगेत आहे. शिवाय उजेडाखाली पांढरट साडी फोटोत सगळ्यांत आधी उठते, म्हणजे साधं दिसण्याचा हेतूही फसतो. अरुंद काठाची जांभळी किंवा शेवाळी रेशमी साडी घ्या. आणि रंग मुलीला निवडू द्या. जाऊबाईंना सांगायला तेवढं पुरे आहे: लेकीने आणलेली साडी आहे.