टीबीतून बरी झाले, आता लोकांना किती सांगू?

"मॅडम, माझा सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स संपला, शेवटचा थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. फेसबुकला सगळं लिहायचंय, दुसऱ्यांना धीर येईल. पण किती लिहू? आणि सासूबाईंचे, आशाताईंचे आभार कसे मानू?"

यावलकडच्या या ताई मोबाईलमध्ये लांबलचक पोस्ट लिहूनच आल्या होत्या (त्यांना विचारून, ओळखीच्या खुणा बदलून लिहितेय). आम्ही एकेक ओळ वाचत गेलो आणि प्रत्येक ओळीला एकच विचारलं, ही गोष्ट कोणाची?

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळी ताप यायचा, वजन उतरलं, सरकारी दवाखान्यात थुंकी फुकट तपासली, हे त्यांचं स्वतःचं. ते ठेवलं. दोन महिन्यांनी एकदम बरं वाटायला लागलं आणि गोळ्या बंद कराव्याशा वाटल्या ही ओळ त्या लाजून काढत होत्या, मी म्हटलं ताई हीच ठेवा, कारण बरेच जण तिथेच गोळ्या सोडतात आणि आजार उलटतो. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मात्र पोस्टमधून काढून टाकला, डोस वजनावर ठरतो, कोणीतरी बघून तसंच घेईल. रिपोर्टचा फोटोही नको, त्यावर नाव, वय, मोबाईल नंबर सगळं असतं.

पुढे ओळ होती, "जाऊबाईंच्या चिमुकलीलाही गोळ्या चालू केल्या". त्या पोरीला टीबी नव्हताच, घरात पेशंट असला की लहान लेकरांना तपासून, आजार नाही याची खात्री करून, तो होऊ नये म्हणून गोळ्या देतात. पण गाव एवढं कुठे ऐकतं, उद्या पोरीच्या नावाला टीबी चिकटला असता. ती ओळ गेली.

सासूबाईंना मजकूर आधी वाचून दाखवा म्हटलं. त्यांनी ऐकला आणि म्हणाल्या, "मनं नाव नको टाकू माय, भाकरी टाकी दिन्ही त्यानं काय सांगनं". मग पोस्टमध्ये फक्त "घरच्यांनी" राहिलं, आणि सासूबाईंना जे सांगायचं होतं ते ताईंनी घरीच त्यांच्याजवळ बसून सांगितलं.

आशाताईंचा प्रश्न खरा अवघड होता. नाव-फोटो टाकून "ह्याच टीबीच्या गोळ्या घरी आणून द्यायच्या" असं लिहिलं, तर त्या पुढे ज्या ज्या दारात थांबतील त्या घराकडे लोक बोट दाखवतील. आणि ज्यांना अजून आजार लपवायचाय ते त्यांना दार उघडणार नाहीत. म्हणून पोस्टमध्ये नुसतं "आमच्या आशाताई", आणि नावानिशी आभाराचं पत्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरला. त्यात काय काय केलं ते नीट लिहिलं, पावसात चिखल तुडवत गोळ्या आणल्या, उलट्या व्हायच्या तेव्हा स्वतः दवाखान्यात नेलं. अशा पत्राचा त्यांना कामात उपयोग होतो.

कोर्सनंतरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी तपासणी असते, ते पोस्टमध्ये टाकायला मी सांगितलं. आणि खाली कोणी "कोणती गोळी घेतली?" विचारलं तर उत्तर एकच, आधी थुंकी तपासून घ्या.